गुणाबाईंचा अर्धा श्वास

गुणाबाई माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आल्या त्या मला झापायला. टेमघरच्या एका पोरीला दोन दिवसांवर लग्न असताना ताप भरला होता आणि मी तिला आठ दिवस झोपून राहायला सांगितलं होतं. गुणाबाई थेट आत आल्या, समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, हलद ठरली म्हंजे ठरली. ताप काय देवाचा हाय? त्याला उतरवा." मी चिडलो. त्याही चिडल्या. शेवटी पोर बोहल्यावर चढली ती माझ्या गोळ्या पदराच्या गाठीला बांधून. पुढं पंधरा वर्षं आमचं हे असंच चाललं.

बाई धवलारीण होत्या. आमच्या भिवंडीत नवीन आलेल्या लूमवाल्या लोकांना हे ठाऊक नसतं म्हणून सांगतो. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीवाचून पान हलत नाही. हळदीपासून सगळे विधी ती धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणत म्हणत लावते. देवांना आवतण, पितरांना आवतण, मांडवाच्या मेढीला, उंबराच्या फांदीला, सगळ्यांना गाऊन बोलवायचं. कागद नाही, पोथी नाही. गुणाबाईंनी ते सासूकडून घेतलं होतं. नवरा रेतीच्या होडीवर होता, तो लवकर गेला. पोरगा हिरामण लहान. बाईंनी धवळ्यांवर घर उभं केलं म्हटलं तरी चालेल. पुढं जमिनींना भाव आले, हिरामणनं लूमचे गाळे बांधून भाड्यानं दिले, घरात फ्रिज आला, तरी आई अंबाडीपर्यंत लग्नं लावत हिंडायची. "आये, आता कशाला?" असं तो म्हणाला की ती म्हणायची, "तुझ्या गाल्याला गाता येतं काय?"

मला एकदा विचारलं होतं त्यांनी, "तुमच्यात तो बामन काय बोलतो ते नवरीला कलतं?" मी म्हटलं, नाही कळत. "मग ती रडते कशी वेलेवर?" मी सरळ पुढच्या पेशंटला बोलावलं.

त्यांचा आवाज गोड वगैरे मुळीच नव्हता. रापलेला, खरखरीत, पण दम असा की अख्खं कडवं एका श्वासात जायचं आणि वर शेवटचा सूर टांगून ठेवायची बाई. मांडवातली पोरं पैज लावायची आता तुटेल, आता तुटेल म्हणून. तुटायचा नाही. त्या बाईला दमा नाही, टीबी नाही, तपकिरीचंही व्यसन नाही. आणि तिच्याच छातीला हे व्हावं, याचा मला आजही संताप येतो. कोणावर येतो ते सांगता येत नाही.

पंचाण्णवच्या सुमाराला कोरडा खोकला सुरू झाला. कुणीतरी टीबी म्हणून औषध दिलं. भिवंडीत खोकला म्हटला की आधी टीबी, नाहीतर लूमचा कापूस. बाईंनी लूमच्या शेडमध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं. सहा महिने त्या गोळ्यांची लाल लघवी करून माझ्याकडे आल्या तेव्हा दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढून दाराशी उभ्या राहिल्या. आत येऊन भांडायला श्वास नव्हता.

मी हात पाहिले. नखं बोथट, फुगीर झालेली. पाठीला नळी लावली. दोन्ही बाजूंना अगदी खाली, श्वास आत घेताना, बॅगेची वेल्क्रोची चिकटपट्टी सावकाश सोडवावी तसा बारीक चर्रचर्र आवाज. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. एक्सरेत खालच्या भागात धुरकट जाळी होती, पण जाळीत नेमकं काय आहे ते एक्सरे सांगत नाही. ठाण्याला तेव्हा नवीन सीटीचं मशीन आलं होतं. छातीचे अगदी पातळ, मिलिमीटरभर जाडीचे काप काढायचे, म्हणजे फुप्फुसाचा कण न् कण दिसतो. मी चिठ्ठी लिहून दिली, आणि मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलो.

मागे डॉक्टर प्रमोदिनी होती. नुकती एमडी झालेली, हुशार, कामसू, आणि जिभेला हाड नाही. माझ्या बारा खाटा तिनं आठवडाभर एकटीनं सांभाळल्या, त्याबद्दल तक्रार नाही.

मी परत आलो त्या सकाळी हिरामण पेढे घेऊन दारात उभा. मला वाटलं माझ्या नातवाचं कळलं. तर तो म्हणतो, "डॉक्टर, म्हातारी बरी होनार. डॉक्टरीनबाईंनी सांगितलं, गोल्या चालू केल्या. सहा महिन्यांत पयल्यासारखी. म्हनून कमळचं लगीन आमी वैशाखात ढकललं."

कमळ ही हिरामणची थोरली. लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं, म्हणजे पंधरवड्यावर. मुलगा मस्कतला नोकरीला, त्यासाठीच रजा काढून आलेला. गुणाबाईंनी त्या भागातल्या निम्म्या पोरींची लग्नं लावली असतील, पण स्वतःच्या नातीचे धवळे म्हणायचे हे त्यांनी ती पाळण्यात असल्यापासून ठरवून ठेवलं होतं. आत्ता श्वास पुरत नाही, तर थांबू, वैशाखात आजी खणखणीत होईल, असा सगळ्यांनी मिळून विचार केला. मुलाकडचेही भले. नवरा मुलगा रविवारच्या विमानानं ड्युटीवर परत गेला. आज मंगळवार होता.

मी पेढा घेतला आणि आत गेलो. प्रमोदिनीनं फिल्म व्ह्यूबॉक्सवर लावूनच ठेवल्या होत्या. मी नुसतं पाहिलं आणि हातातला पेढा तसाच टेबलावर ठेवला.

"काय दिसतंय तुला?" मी विचारलं.

"सर, ग्राउंड ग्लास. दोन्ही फुप्फुसांत, सगळीकडे. म्हणजे सूज आहे, जुना व्रण नाही. स्टेरॉइडनं जाईल. म्हणून मी चालू केलं."

"ठाण्याहून रिपोर्ट आला?"

"टाइप होऊन यायचाय. फिल्म इतकी स्पष्ट होती की..."

"उचलली जीभ लावली टाळ्याला," मी म्हणालो. मग दार लोटलं, कारण बाहेर हिरामण होता. "बस. आणि लिहून घेऊ नकोस, बघ."

मी तिला आधी ग्राउंड ग्लास, म्हणजे दुधी काच, काय असते तेच परत सांगितलं. न्हाणीघराच्या खिडकीला लावतात तशी. फुप्फुस सीटीत काळं दिसतं कारण ते हवेनं भरलेलं. जिथं ते राखाडी झालं, पण त्या राखाडीतून रक्तवाहिन्या अजून दिसतात, ती दुधी काच. वाहिन्याही झाकल्या गेल्या तर ती काच नव्हे, तो भाग घट्ट भरला. "आता राखाडी का होतं? तुझ्या पुस्तकात सूज लिहिलंय. बरोबर आहे. पण फुप्फुसातली हवा कमी झाली की तेही राखाडीच दिसणार. हवा कमी कधी होते?"

ती खुर्ची फिल्मजवळ ओढून बसली.

"श्वास सोडल्यावर. वरचा काप बघ. श्वासनलिका. पूर्ण श्वास घेतलेल्या माणसाची ती गोल असते. मागची भिंत मऊ असते, कडं नसतं तिला. श्वास सोडला की ती पुढं येते. ही बघ कशी आत दबलीय."

तिनं पाहिलं. गोल नव्हतीच ती. मागून बोटानं दाबल्यासारखी होती.

"म्हणजे ही अख्खी राखाडी..."

"बरीचशी नुसता सोडलेला श्वास. पहिली गोष्ट फिल्म कोणत्या श्वासात काढली ते बघायची, मग रोग. आता शेवटचं शीट लाव. खालचे काप. हे पाहिलंस?"

"पाहिलं. मला वाटलं, वय आहे, थोडं एम्फिसीमा असेल, फुप्फुस जरा विरलं असेल."

"एम्फिसीमाच्या भोकाला भिंत नसते. कापडाला कसर लागते तसं असतं ते. याला भिंती आहेत. जाड, स्वच्छ. आणि जागा बघ. अगदी कडेला, छातीच्या अस्तराला चिकटून, पाठीमागं, खाली. एकावर एक रचलेली, दोन भोकांत मिळून एक भिंत. मधाचं पोळं म्हणतात ते हेच. आणि त्याच्या आतल्या बाजूला ह्या बारीक रेषा, मच्छरदाणीसारखी जाळी. ही जाळी म्हणजे फुप्फुसाच्या भिंतीत व्रण धरतोय. पोळं म्हणजे व्रण धरून झाला, फुप्फुस तिथलं संपलं, नुसती हवेची भोकं उरली."

"पण जाळीच्या आसपास थोडी खरी दुधी काच असेल ना, सर? तेवढी तरी..."

"असेल. पण त्याच राखाडीत रेषा आहेत का बघायचं, आणि श्वासाच्या नळ्या वेड्यावाकड्या रुंद झाल्यात का. ही बघ, कडेपर्यंत आलेली नळी. इतक्या बाहेर ती दिसायलाच नको. व्रणानं ओढून फाकवलीय. अशा जागची राखाडी म्हणजे डोळ्याला वेगळा दिसत नाही इतका बारीक व्रण. ती काच पुसली जात नाही."

प्रमोदिनीनं खालचे काप एकेक करून परत पाहिले. मग म्हणाली, "मी वरच्या कापांवरच थांबले." बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ती रडत होती आणि मला रडणाऱ्या डॉक्टरवर ओरडता येत नाही.

तरी फिल्म परत काढायचीच होती, कारण चुकीच्या श्वासातल्या फिल्मवर मी कुणाचं आयुष्य ठरवत नाही. गुणाबाईंना बोलावून विचारलं, मशीनमध्ये काय केलंत?

"त्यो पोरगा बोलला, सांस लो, रोको, हिलना मत." त्या दर तीन शब्दांमागे थांबत होत्या. "मोठा श्वास घेतला की मना खोकला येतो. खोकले असते तं हलले असते. त्याचं मशीन खराब झालं असतं. म्हनून मी थोडा सोडला नं मग धरला. आता गाताना बी तसाच धरते. कुनाला कलत न्हाय."

हे ऐकून मी पेन खाली ठेवलं. दीड वर्ष ही बाई अर्ध्या श्वासावर लग्नं लावत होती. पूर्ण श्वास घेतला की खोकल्याची उबळ येते, म्हणून आधी सोडायचा, उरलेल्यात दोन ओळी म्हणायच्या, बाकीच्या बायकांकडे मान हलवायची, त्यांनी धरलं की परत थोडा. मांडवात ते चालून गेलं. मशीनमध्येही तिनं शहाण्यासारखं तेच केलं, आणि मशीननं तिची सगळी छाती राखाडी दाखवली.

या खेपेला प्रमोदिनी स्वतः बरोबर गेली. आधी खोकल्याचं औषध दिलं, बाहेर बाकावर बसवून श्वास भरून धरायचा सराव करून घेतला. उताणं झोपवून काढली, पालथं झोपवूनही काढली. उताण्या माणसाच्या पाठीकडे वजनानं थोडी राखाडी जमतेच. ती पालथं केल्यावर निघून गेली तर रोग नाही, राहिली तर आहे.

संध्याकाळी ती फिल्मचं पाकीट घेऊन आली आणि ते माझ्या हातात न देता तिनंच फिल्म बॉक्सवर लावल्या. वरची राखाडी गेली होती. श्वासनलिका गोल. फुप्फुसं वरती काळीभोर, छान. आणि खाली दोन्ही बाजूंना, पालथं करूनही जसंच्या तसं, पोळं. पहिल्या फिल्ममध्ये राखाडीनं झाकलं होतं ते आता नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

"किती दिवस, सर?"

"या रोगाला कुणी तारीख सांगू नये. पण गोळ्यांनी हे परत फिरत नाही. वैशाखात त्या गाणार नाहीत."

ती म्हणाली मी एकटी जाऊन सांगते. मी म्हटलं, एकटीनं पेढे वाटायला लावलेस तेवढं पुरे. दोघंही जाऊ.

टेमघरला त्यांच्या पडवीत बसलो. हिरामण, कमळ, गुणाबाई. प्रमोदिनीनंच सांगितलं. फिल्म चुकीची वाचली हेही सांगितलं, सोप्या शब्दांत, काही न लपवता. फुप्फुसाचा खालचा भाग वाळून गेलाय, तो परत ओला होणार नाही, गोळ्या फारशा कामाच्या नाहीत. हिरामण ताडकन उठला. त्याच्या तोंडात शिवी आली होती, ती त्यानं गिळली आणि चप्पल घालून नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेला. मस्कतला फोन लावला. तासाभरानं परत आला तो भिंतीला टेकून खाली बसला. मुलगा तयार होता, साहेब तयार नव्हता. रजा एकदा मिळाली, आता वैशाखातच.

कमळ रडायला लागली. प्रमोदिनी मान खाली घालून बसली होती. गुणाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू चांगलंच बोलली व्हतीस पोरी. खरं नव्हतं, इतकंच."

मला तिथं बसवेना. बीपी बघायचं निमित्त करून मी त्यांचा हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

पुढं मी दर आठवड्याला जात राहिलो. ऑक्सिजनचं सिलिंडर घरी आणलं. नाकात नळी घालून बाई चुलीपासून लांब, मागच्या खोलीत बसायच्या. माघात एकदा गेलो तर दार लोटलेलं. आत कमळ जमिनीवर बसलेली, डोकं आजीच्या मांडीवर. आजी धवळे म्हणत होती. एक ओळ. मग थांबायचं. श्वास जमेपर्यंत पोरीच्या केसांवरून हात फिरवायचा. मग दुसरी ओळ. गाणं नव्हतंच ते, पुटपुटणं होतं. हळद नाही, मांडव नाही, बायका नाहीत. जे एका रात्रीत म्हणायचं ते बाई रोज थोडं थोडं करून कितीतरी दिवस म्हणत होती. मी दारातच थांबलो. कमळचा चेहरा मला दिसत नव्हता, तिची पाठ तेवढी हलत होती.

ओळ संपल्यावर त्यांनी मला पाहिलं. "या डॉक्टर. आज पितरांचं आवतन झालं."

"बोलू नका एवढं," मी रागावून म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"बोलत न्हाय मी. लगीन लावते." थांबल्या. श्वास घेतला. "अजून सात-आठ कडवी हायेत. तेवढी झाली की माझ्या बाजूनं लागलं. मंग निस्ता नवरा यायचा."

मी घरी येऊन बायकोवर विनाकारण ओरडलो. तिला कारण कळलं असावं, कारण ती उलट बोलली नाही.

ती कडवी पूर्ण झाली की नाही ते मी विचारलं नाही आणि कमळनंही कधी सांगितलं नाही. फाल्गुनात त्यांना साधी सर्दी झाली आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. माझ्याच बारा खाटांपैकी खिडकीजवळच्या खाटेवर. प्रमोदिनी रात्रंदिवस बाजूला होती. शेवटी नळी काढली तीही तिनंच.

गावात धवलारीण गेली म्हणजे काय ते त्या दिवशी पाहिलं. जिचं जिचं लग्न लावलं होतं त्या सगळ्या बायका आल्या, म्हाताऱ्यासुद्धा, लेकुरवाळ्यासुद्धा. एकीलाही धवळे पुरते येत नव्हते. त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

वैशाखात कमळचं लग्न झालं. तारीख पाळली, दुखवट्याचं वर्ष धरायचं नाही असं हिरामणनं ठरवलं, कारण आईनंच तसं बजावून ठेवलं होतं. मला आणि प्रमोदिनीला मानानं बोलावलं, पुढं बसवलं. अंबाडीकडून दुसरी धवलारीण आणली होती. चाळिशीची, धडधाकट बाई, नथ, हिरवं लुगडं. तिनं मेढीला हात लावला आणि सुरुवात केली. आवाज खणखणीत. पूर्ण छाती भरून श्वास घ्यायची, खोकला नाही, थांबणं नाही, आणि अख्खं कडवं एका दमात म्हणून शेवटचा सूर टांगून ठेवायची. मांडवातली पोरं खूश झाली. चूक कुठंच नव्हती. बाई बिचारी आपलं काम उत्तम करत होती.

कमळ हळदीच्या पाटावर मान खाली घालून बसली होती. प्रत्येक कडव्याच्या मध्ये, जिथं नव्या बाईला थांबायची गरजच नव्हती, तिथं ती पोरगी आजी थांबायची तशी थांबत होती. खांदे वर उचलून, जरा वाट बघून, मग पुढच्या ओळीला मान हलवत होती. गाणं तोवर पुढं निघून गेलेलं असायचं. प्रमोदिनीला ते दिसलं तशी ती उठून मांडवाबाहेर गेली. मी बसून राहिलो. त्या धडधाकट बाईचा मला इतका राग आला की काय सांगू. तिची काही चूक नव्हती. तिला फक्त श्वास येत होता.